अल्पवयीन विद्यार्थ्यांची ऑनलाईन कमाई : चॅनल मुलाचे, करार पालकाचा, पैसा कुणाचा?

गोव्याच्या खेड्यापाड्यांतून आज भ्रमणध्वनी आणि इंटरनेट पोहोचले नाही असे घर विरळाच. त्याबरोबर एक नवा प्रश्नही घराघरांत येऊन पोहोचला आहे. शाळेत शिकणारा मुलगा अथवा मुलगी एखादी कला किंवा विषय चित्रफितींतून शिकवू लागते, त्या चित्रफिती हजारो लोक पाहू लागतात आणि एके दिवशी त्यातून पैसे मिळण्याची वेळ येते. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर वय विचारले जाते, बँकेचे खाते विचारले जाते आणि घरातील सर्वांची धांदल उडते. मुलगा खोटी जन्मतारीख लिहून मोकळा होतो, वडील पासबुक काढून देतात आणि पुढे काय झाले याची चौकशी कोणी करीत नाही. काही महिन्यांनी पैसे अडकतात किंवा खाते बंद पडते, तेव्हा पालक शाळेतील शिक्षकांकडे नाहीतर बँकेत धाव घेतात. हे टाळण्यासाठी कोणती गोष्ट कोणाच्या नावावर असावी, हे आरंभीच समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात यूट्यूब या सर्वपरिचित माध्यमाच्या आधारे या प्रश्नाची मांडणी केली आहे.

वयाची अट का असते?

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ अन्वये वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर व्यक्ती सज्ञान होते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या प्रकरणी १९०३ साली दिला. कलकत्त्याच्या त्या अज्ञान तरुणाने आपली मालमत्ता गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज घेतले होते. करारच शून्य ठरल्यामुळे सावकारास गहाणाच्या आधारे आपले पैसे वसूल करता आले नाहीत. एकशेवीस वर्षांपूर्वीचा हा निर्णय आजही लागू आहे.

जाहिरातींचे पैसे देणाऱ्या कंपन्या अज्ञान मुलाशी सरळ करार का करीत नाहीत, याचे एक उत्तर या निर्णयात सापडते. पैसे देणे म्हणजे करार करणे. त्यात अटी असतात, कर कापण्याची तरतूद असते आणि गैरप्रकार आढळल्यास पैसे रोखण्याचा अधिकारही असतो. या गोष्टी ज्याच्यावर बंधनकारक होऊ शकतात, असा सज्ञान मनुष्य कंपनीला समोर हवा असतो. वयाच्या अटीने मुलाच्या गुणांवर अविश्वास दाखविला जातो, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. ती समजूत शिक्षकांनी दूर करावी. अट करारासंबंधी आहे. कलेवर किंवा कामावर ती बंदी घालीत नाही.

वयाच्या तीन पायऱ्या

यूट्यूबच्या बाबतीत वयाच्या तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. भारतात वयाची तेरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास स्वतःचे गूगल खाते स्वतः उघडून चालविता येते व त्यावर चॅनल काढता येते. त्याहून लहान मुलाच्या चित्रफिती प्रसिद्ध करावयाच्या असतील, तर चॅनल पालकाचे असावे आणि ते पालकानेच चालवावे.

दुसरी पायरी सोळा वर्षांची आहे. चित्रीकरण चालू असतानाच ते लोकांना दाखविणे, म्हणजे थेट प्रक्षेपण, यासाठीची किमान वयोमर्यादा जुलै २०२५ पासून तेरावरून सोळा करण्यात आली. सोळा वर्षांखालील मुलाच्या थेट प्रक्षेपणात सज्ञान व्यक्ती सोबत दिसली पाहिजे. आधी चित्रित करून नंतर चढविलेल्या चित्रफितींना ही मर्यादा लागू नाही.

तिसरी पायरी अठरा वर्षांची असून ती पैशाची आहे. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी चॅनलचे किमान एक हजार सबस्क्रायबर असावे लागतात. शिवाय मागील बारा महिन्यांत लोकांनी त्यावरील चित्रफिती एकूण चार हजार तास पाहिलेल्या असाव्यात, किंवा छोट्या चित्रफिती नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिल्या गेलेल्या असाव्यात. एवढे झाल्यावर चॅनलला ॲडसेन्स नावाचे देयक खाते जोडावे लागते. हे खाते केवळ अठरा वर्षांवरील व्यक्तीलाच मिळते. परंतु मुलाने अठरा वर्षे थांबावे, असा याचा अर्थ नाही. मूल अज्ञान असेल तर त्याच्या आईने, वडिलांनी अथवा पालकाने स्वतःच्या गूगल खात्यावरून ॲडसेन्ससाठी अर्ज करावा आणि सर्व देयके त्या सज्ञान व्यक्तीच्या नावे दिली जातील, असे गूगलनेच आपल्या सूचनांत सांगितले आहे. सरळ वाट उपलब्ध असताना पुष्कळ मुले खोट्या जन्मतारखेच्या आडवाटेने जातात, ही खेदाची गोष्ट होय.

खोटी जन्मतारीख कोठे उघडी पडते?

सोळा वर्षांच्या मुलाने आपले जन्मवर्ष दहा वर्षे मागे लिहिले तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. त्यामुळे हा मार्ग सुरक्षित असल्याचा भास होतो. खरी पडताळणी पैसे साचू लागल्यावर होते. ॲडसेन्स खात्यात सुमारे दहा डॉलर जमा झाले की ओळखपत्र मागितले जाते आणि घरच्या पत्त्यावर टपालाने एक सांकेतिक क्रमांक पाठविला जातो. ओळखपत्रावरील नाव व जन्मतारीख खात्यातील माहितीशी जुळली नाही तर पडताळणी अडते. मग मुलगा घाईघाईने वडिलांचे आधार कार्ड जोडतो. खाते मुलाच्या नावाचे, ओळखपत्र वडिलांचे आणि बँक खाते आईचे, असा तिहेरी घोळ होतो.

काही मुले खाते आपल्याच गूगल खात्यावर उघडतात आणि नाव तेवढे वडिलांचे घालतात. वरवर पाहता हे ठीक वाटते. परंतु अशा खात्याचा संकेतशब्द व त्यावरील सूचना मुलाच्या भ्रमणध्वनीवर असतात, आणि आपल्या नावाने कोणता करार झाला आहे हे वडिलांना ठाऊकही नसते. म्हणून अर्ज पालकाच्या स्वतःच्या गूगल खात्यावरून, पालकाच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर आणि पालकाने अटी वाचून करावा. चॅनलचे गूगल खाते व ॲडसेन्सचे गूगल खाते वेगवेगळे असले तरी ते एकमेकांस जोडता येतात.

येथे आणखी दोन गोष्टी सांगणे इष्ट ठरेल. एका व्यक्तीच्या नावे एकच ॲडसेन्स खाते ठेवता येते. थोरल्या मुलासाठी ते आधीच उघडले असेल तर धाकटीचे चॅनल त्याच खात्याला जोडावे, दुसरे खाते उघडू नये. दुसरे असे की, घरच्या मंडळींनी व मित्रांनी मुद्दाम जाहिरातींवर वारंवार बोट दाबून उत्पन्न वाढविण्याचा प्रयत्न करू नये. हा प्रकार यंत्रणेच्या लक्षात येतो व खाते बंद केले जाते. ते बंद झाल्यास त्या पालकाच्या नावाची वाट कायमची बंद होण्याचा संभव असतो.

नाव, पत्ता आणि बँक

गोव्यात नावाच्या स्पेलिंगची अडचण विशेष जाणवते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीमुळे एकाच मनुष्याच्या जन्मदाखल्यावर Naique आणि पासबुकावर Naik असे लिहिलेले आढळते. मनुष्याला हा भेद क्षुल्लक वाटतो, परंतु यंत्राच्या दृष्टीने ही दोन निराळी माणसे होत. यास्तव अर्ज करण्यापूर्वी पालकाने पॅन कार्ड, आधार कार्ड आणि पासबुक ही तिन्ही समोर ठेवून अक्षरे जुळवून पाहावीत. ती जुळत नसतील तर आधी दुरुस्ती करून घ्यावी आणि मगच अर्ज करावा.

पत्त्याच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. सांकेतिक क्रमांकाचे पत्र साध्या टपालाने येते व त्यास दोन ते चार आठवडे लागतात. घर क्रमांक, वाडा, गाव, टपाल कार्यालय व पिनकोड एवढे सर्व लिहावे आणि पत्र येणार असल्याची कल्पना पोस्टमनला देऊन ठेवावी. पत्र हरवल्यास क्रमांक पुन्हा मागविता येतो. मात्र चार महिन्यांत तो नोंदविला गेला नाही तर जाहिराती दाखविणे थांबते.

पैसे परदेशातून बँकेत येतात, म्हणून शाखेचा आयएफएससी क्रमांक पुरत नाही. स्विफ्ट कोडही लागतो. गावच्या पतसंस्थेकडे तो नसतो आणि काही लहान सहकारी बँकांकडेही नसतो. आपल्या शाखेत परदेशी रक्कम जमा होते काय व त्यासाठी किती आकार पडतो, हे आधी विचारून घ्यावे. खात्यात एकूण शंभर डॉलर साचल्यावरच पैसे पाठविले जातात आणि ते साधारणपणे महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. साठ डॉलर दिसत असूनही पैसे का आले नाहीत, अशी तक्रार करण्याचे कारण नाही. ती रक्कम पुढील महिन्यात मिळविली जाते.

आणखी एक अर्ज बहुतेक पालक न भरता सोडून देतात. तो अमेरिकेच्या करासंबंधीचा असून त्याचे नाव W-8BEN असे आहे. समजा, एका महिन्यात शंभर डॉलरचे उत्पन्न झाले व त्यापैकी दहा डॉलर अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे मिळाले. अर्ज भरला नसेल तर संपूर्ण शंभर डॉलरवर २४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे चोवीस डॉलरपर्यंत कपात होऊ शकते. अर्जात पॅन क्रमांक देऊन भारत–अमेरिका करसंधीचा लाभ मागितला, तर केवळ त्या दहा डॉलरवर १५ टक्के, म्हणजे दीड डॉलर कापला जातो. अर्ध्या तासाच्या कामाने एवढा फरक पडतो.

एक उदाहरण

आता हे सर्व एका कुटुंबाच्या काल्पनिक उदाहरणाने पाहू. फोंडा तालुक्यातील एका गावात अकरावीत शिकणारी सोळा वर्षांची मुलगी आहे. ती संवादिनी उत्तम वाजविते आणि भजन व आरतीच्या साथीचे धडे मराठीतून चित्रफितींद्वारे देते. तिची आई माध्यमिक शाळेत शिक्षिका असून वडील खाजगी कंपनीत चालक आहेत. चॅनल मुलीच्या खऱ्या जन्मतारखेच्या गूगल खात्यावर आहे. वडिलांनी आपल्या गूगल खात्यावरून ॲडसेन्स उघडले व आपले बँक खाते त्यास जोडले. चॅनलच्या सेटिंगमध्ये व्यवस्थापक म्हणून आईची नोंद केली, त्यामुळे आलेले संदेश व हिशेब तिलाही दिसतात. महिन्याकाठी सरासरी ७,८०० रुपये बँकेत जमा होतात. इंटरनेटचा ३०० रुपये खर्च वजा जाता ७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ९०,००० रुपये उरतात.

हे नव्वद हजार कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. वडिलांच्या खात्यात आले म्हणून ते वडिलांचे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. आयकराचा कायदा मात्र असे म्हणत नाही. अज्ञान मुलाचे उत्पन्न, आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या उत्पन्नात मिळवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मुलाने अंगमेहनतीने मिळविलेले अथवा स्वतःचे कौशल्य, गुण किंवा विशेष ज्ञान व अनुभव वापरून मिळविलेले उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळविले जात नाही. ते त्या मुलाचेच स्वतंत्र उत्पन्न ठरते. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ६४(१-अ) मधील हे तत्त्व २०२५ च्या नव्या अधिनियमातही कायम आहे. संवादिनी वाजविणे व शिकविणे हे त्या मुलीचे कौशल्य आहे, म्हणून ते नव्वद हजार तिचे होत. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत चार लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. सबब तिला काहीच कर द्यावा लागत नाही.

वडिलांनी हे न जाणता ती रक्कम स्वतःचे व्यावसायिक उत्पन्न म्हणून दाखविली तर काय होईल? वडिलांचा पगार लहान असल्याने कर लागणार नाही, असा हिशेब घरात केला जातो. परंतु मालमत्तेच्या सामाईकतेची विवाहपद्धत ज्या गोमंतकीय दांपत्यांस लागू आहे, त्यांच्याबाबत आयकर कायद्यात वेगळी तरतूद आहे. पगाराखेरीज इतर उत्पन्न पती व पत्नी यांच्यात निम्मे-निम्मे विभागले जाते. १९६१ च्या अधिनियमात हे कलम ५-अ होते. तेव्हा नव्वद हजारांपैकी पंचेचाळीस हजार आईच्या माथी येतील.

आईचे करपात्र उत्पन्न ११,८०,००० रुपये आहे असे समजू. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पंचेचाळीस हजार मिळविल्यावर तिचे उत्पन्न १२,२५,००० रुपये होते आणि ती सूट जाते. बारा लाखांवर जेवढे उत्पन्न असेल त्याहून कर अधिक होऊ नये, अशी सवलत असल्यामुळे कर २५,००० रुपयांवर थांबतो. त्यावर चार टक्के उपकर धरून २६,००० रुपये भरावे लागतात. मुलीच्या नव्वद हजारांतील जवळजवळ तीस टक्के रक्कम केवळ चुकीच्या नावावर दाखविल्यामुळे जाते.

मुलाचे उत्पन्न सिद्ध कसे करावे?

ज्याच्या खात्यात पैसा आला त्याचेच ते उत्पन्न, असे पाहणाऱ्यास प्रथम वाटणारच. म्हणून पुराव्याची तजवीज पहिल्या महिन्यापासून करावी. वरील कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे मुलीच्या नावे बँकेत बचत खाते उघडणे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे कोणत्याही वयाच्या अज्ञान मुलाचे खाते पालकामार्फत उघडता येते व आईदेखील पालक म्हणून राहू शकते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास खाते स्वतः चालविण्याची मुभाही बँक देऊ शकते. किती रकमेपर्यंत व कोणत्या अटींवर, हे प्रत्येक बँक ठरविते. अशा खात्यातून शिलकेपेक्षा अधिक रक्कम कधीच काढता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वडिलांच्या खात्यात आलेली रक्कम खर्च वजा जाता लगेच मुलीच्या खात्यात वर्ग करणे. वर्ग करताना कशाबद्दल व कोणत्या महिन्याची, ही नोंद बँकेतच करावी. घरात एक वही ठेवावी. तीत तारीख, ॲडसेन्सच्या पत्रकातील रक्कम, बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम, खर्च आणि मुलीच्या खात्यात वर्ग केलेली रक्कम असे पाच रकाने असावेत. ॲडसेन्सचे मासिक पत्रक छापून वहीला जोडावे. वडिलांनी स्वतःच्या खात्यात आलेले पैसे वाणसामानात खर्च केले व मुलीस नंतर देऊ म्हटले, तर ते पैसे मुलीचे होते असे पुढे कोणत्या तोंडाने सांगणार?

तिसरी गोष्ट म्हणजे मुलीच्या नावे पॅन कार्ड काढणे. अज्ञान मुलासाठी अर्ज पालक करतो आणि त्या कार्डावर छायाचित्र व सही नसते. उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे गेले तर विवरणपत्रही मुलीच्या वतीने पालकच भरतो.

या अपवादाच्या मर्यादाही पालकांनी जाणून घ्याव्यात. मुलीची शिल्लक मुदत ठेवीत ठेवली तर त्यावरील व्याज हे कौशल्याचे उत्पन्न नव्हे. ते अधिक उत्पन्न असलेल्या पालकाच्या, येथे आईच्या, उत्पन्नात मिळविले जाते. तसेच चित्रफितीची कल्पना, चित्रीकरण व सर्व काम वडिलांचे असून मूल पडद्यावर नुसते दिसत असेल, तर ते मुलाच्या कौशल्याचे उत्पन्न असे म्हणणे कठीण जाईल. अशा वेळी उत्पन्न आपलेच असल्याचे पालकाने सरळ दाखवावे. कर वाचविण्यासाठी पालकाचा धंदा मुलाच्या नावावर घालणे हा निराळा व गंभीर प्रकार होय.

खाते मागणारे दुसरे लोक

पालकाचे खाते वापरण्याची सवय घरात लागली की तिचा गैरफायदा घेणारेही भेटतात. विद्यार्थ्यांना संदेश येतो की, चित्रफितींना पसंती द्या अथवा हॉटेलांना चांगला शेरा द्या आणि रोज पाचशे रुपये मिळवा. वय कमी असेल तर वडिलांचे खाते चालेल. प्रारंभी दोन-चारशे रुपये खरोखर येतात. नंतर मोठी रक्कम येते आणि आपले दलाल कापून ती दुसऱ्या खात्यावर पाठविण्यास सांगितले जाते. ती रक्कम बहुधा दुसऱ्या कोणाची तरी फसवणूक करून आणलेली असते. फसलेल्या मनुष्याने तक्रार केली की पैशाचा माग काढीत पोलीस वडिलांच्या खात्यापर्यंत येतात व बँक खात्यातील व्यवहार रोखते. वडिलांचा पगार व गॅसचे अनुदान त्याच खात्यात येत असल्यास घरखर्चच अडतो. शिवाय चौकशीला उत्तर द्यावे लागते ते खातेदार म्हणून वडिलांनाच.

खरे उत्पन्न व हा प्रकार यांतील भेद ओळखणे कठीण नाही. खरा देणेकरी एकच असतो, बँकेच्या नोंदीत त्याचे नाव सारखे तेच येते आणि त्याने दिलेल्या रकमेचे पत्रक मिळते. तो आधी अनामत मागत नाही. तो एटीएम कार्ड, सिमकार्ड अथवा ओटीपी मागत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आलेले पैसे पुढे तिसऱ्याला पाठविण्यास तो कधीही सांगत नाही. पैसे पुढे पाठवा, असे शब्द कानी पडताच व्यवहार थांबवावा. चुकून अशी रक्कम आलीच तर ती खर्च करू नये व कोणाच्या सांगण्यावरून परतही पाठवू नये. बँकेस लेखी कळवावे आणि १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.

याच कारणास्तव वडिलांचे पगाराचे खाते ॲडसेन्सला जोडू नये, हे उत्तम. पालकाच्या नावे या एका कामापुरते वेगळे बचत खाते ठेवल्यास हिशेब स्वच्छ राहतो व अडचण आलीच तर घरखर्च अडत नाही.

अठरावा वाढदिवस

मुलीस अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ही व्यवस्था आपोआप बदलत नाही. ॲडसेन्स खाते एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तिने आपल्या गूगल खात्यावरून नवे ॲडसेन्स खाते उघडावे, ओळख व पत्ता यांची पडताळणी नव्याने पूर्ण करावी आणि मग चॅनलची जोडणी वडिलांच्या खात्यावरून काढून आपल्या खात्याला करावी. जोडणी बदलेपर्यंतचे उत्पन्न जुन्या खात्यातूनच मिळते. ते हाती येईपर्यंत जुने खाते बंद करू नये. बँकेत जाऊन सहीचा नमुना व ओळखीची कागदपत्रे नव्याने द्यावीत आणि पॅन कार्डावर छायाचित्र व सही घालून घ्यावी. येथपर्यंत जन्मतारीख सर्वत्र खरी लिहिली असेल तर ही कामे सहज होतात. ती खोटी लिहिली असेल तर ज्या दिवशी मूल कायद्याने आपल्या पैशाचे धनी होते, त्याच दिवशी ते आपली ओळख सिद्ध करण्याच्या विवंचनेत पडते.

शाळेतील शिक्षकांना या कामी थोडक्यात मदत करता येण्यासारखी आहे. उत्पन्न मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. गूगल खात्यावरील जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते काय? ॲडसेन्स खाते कोणाच्या नावे आहे व ते त्या व्यक्तीस ठाऊक आहे काय? मागील महिन्याचे पैसे आज कोणाच्या खात्यात आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चुकीची असल्यास ती पैसे साचण्यापूर्वी सुधारता येतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र दर महिन्याला बरोबर असावे लागते, आणि ती जबाबदारी पालकाची आहे. मुलाने आपल्या गुणांवर मिळविलेला पैसा पालकाच्या खात्यात केवळ वाटेत थांबलेला असतो. तो ज्याचा त्याला वेळेवर पोहोचता करणे, एवढ्यासाठीच पालकाने तेथे आपली सही केलेली असते.